बारा फुटांवरून भावोजी

आमचे भावोजी चष्म्याचे दुकान चालवतात. माणूस सालस, हात स्वच्छ, नंबर काढण्यात एकदम पक्के. पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, हा त्यांचा जन्माचा रोग. गिऱ्हाईक दुकानात येतं, समोर उभ्या असलेल्या भावोजींनाच विचारतं, "मालक कुठं गेलेत?" लग्नसमारंभात त्यांना दोनदा कुणीतरी रिकामा ग्लास हातात दिला आहे. ताई म्हणते, लग्नाआधी मुलगी बघायला आले तेव्हा ते पाचजण आले होते, आणि चहा होईपर्यंत तिला कळलंच नव्हतं की यांतला नवरा कोणता.

अशा माणसाला बाजारपेठेच्या व्यापारी संघाचा अध्यक्ष व्हायची हौस आली. गेल्या खेपेला उभे राहिले आणि पडले. पडले ते असे की महिनाभर भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले. दुकानाचं शटर ताई उघडायची, ताईच बंद करायची. गिऱ्हाइकांना सांगायची, ताप आहे. जेवायला उठवलं तर उठायचे, दोन घास खायचे, पुन्हा भिंत. "डॉक्टरांनी सांगितलं शरीराला काही झालेलं नाही," ताई मला म्हणाली होती, "म्हणजे उपाय पण नाही."

म्हणून या वर्षी त्यांनी पुन्हा अर्ज भरला तेव्हा ताई माझ्या दुकानात येऊन बसली. माझं दुकान म्हणजे फ्लेक्स, बॅनर, लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे मग. शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथं पोचेपर्यंत तिने बोलणं मनात जुळवून आणलं होतं.

"हे बघ, ते जिंकतील असं मला वाटत नाही," ती म्हणाली. "पण या वेळी पडले तर मी त्यांना पुन्हा उठवू शकणार नाही. माझ्यात तेवढं बळ नाही उरलेलं. तुझ्याकडून जे होईल ते कर."

मी काय करणार? मी फ्लेक्स छापते.

दुसऱ्या दिवशी भावोजी स्वतः आले. कुठल्या तरी मासिकात त्यांनी एक चित्र पाहिलं होतं. लांबून माणसाचा चेहरा, जवळ गेलं की शेकडो बारके फोटो. त्यांच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेली चमक होती.

"मेहुणीबाई, असं पाहिजे," ते म्हणाले. "माझा चेहरा. पण बनलेला कशाचा? सभासदांच्या चेहऱ्यांचा. म्हणजे मी म्हणजे मी नाहीच. मी म्हणजे तुम्ही सगळे."

मला म्हणावंसं वाटलं, तुम्ही तुम्ही नाही हे लोकांना आधीच माहीत आहे. पण ताईची आठवण झाली.

"किती फोटो आहेत तुमच्याकडे?" मी विचारलं.

"पाठिंबा देणाऱ्यांनी पाठवलेत. एकशे अडतीस."

मी कागद घेतला आणि त्यांना समजावलं. असल्या चित्राला मोझेक म्हणतात, त्यात जादू काही नाही. तुमच्या फोटोवर कॉम्प्युटर चौकोनांची जाळी टाकतो. प्रत्येक चौकोनात उजेड किती, रंग कुठला, ते बघतो आणि साठ्यातला त्याच्याशी सगळ्यांत जुळणारा फोटो तिथं बसवतो. कपाळाला उजळ फोटो, केसांना काळसर, गालांना मधले. आता बॅनर तेरा बाय सोळा फुटांचा, चौकोन तीन इंचांचा धरला तर तीन हजारांच्या वर चौकोन होतात. एकशे अडतीस माणसं तेवढ्यांत भरायची म्हणजे एकेकाला वीस-पंचवीस वेळा बसवावं लागणार.

"छे. एकदाच. प्रत्येकजण एकदाच," भावोजी म्हणाले. "नाहीतर लोक म्हणतील, याच्यामागं एवढीच माणसं."

"एकदाच बसवायची तर एकशे अडतीसच चौकोन होतील. आडवे दहा, उभे तेरा, तेवढ्यात अख्खा चेहरा. नाक म्हणजे दोन चौकोन. तुम्ही आहात का टेबलफॅन आहे, ते देवाला कळेल."

"मग चौकोन लहान कर."

"एक इंचाचा केला तर चेहरा झकास येईल, जवळूनही कळेल. पण तीस हजार चौकोन होतील, प्रत्येक माणूस दोनशे वेळा येईल, आणि एक इंचाचा फोटो वर टांगल्यावर कुणाला स्वतःचं तोंड ओळखू येणार नाही."

हे त्यांना पटलं नाही. मतदाराला स्वतःचा चेहरा दिसलाच पाहिजे, ही त्यांची अट होती. माणूस बॅनर बघायला येतो तो स्वतःला शोधायला, उमेदवाराला नव्हे. एवढं राजकारण त्यांना कळत होतं याचं मला नवल वाटलं. तर चौकोन तीन इंचांचाच राहिला. मग मी शेवटचा प्रश्न विचारला, जो या धंद्यात पहिला विचारायचा असतो.

"लावणार कुठं? बघणारा किती लांब उभा असेल?"

"चौकात. आमच्या गल्लीच्या तोंडावर आडवा, चौकाकडं तोंड करून. समोर शंभर फूट मोकळं आहे."

"मग चालेल. शंभर फुटांवरून तुम्ही दिसाल. चालत चालत खाली येऊन मान वर केली की माणसं दिसतील. पण फोटो वाढवा. सहाशे तरी आणा."

आठवडाभराने पेन ड्राइव्ह आला. संघाच्या चिटणीसाकडून त्यांनी सभासदांच्या यादीतले सगळे फोटो उचलले होते, एका पांढऱ्या पडद्यासमोर बसवून काढलेले, सगळे सरळ, सगळे उजळ. कपाळ, शर्ट आणि चेहऱ्यामागची भिंत यांची सोय झाली. केसांना आणि मिशीला गडद फोटो हवेत म्हटल्यावर संघाच्या वार्षिक जेवणाचे चाळीसेक पाठवले. तिथं दिवे मंद होते आणि माणसं खात होती. मी म्हटलं ठीक आहे, मिशीत कोण काय खातंय ते कोण बघतोय. एकच फोटो शेजारी-शेजारी येऊ नये म्हणून पाच चौकोनांचं अंतर बांधलं. त्याहून जास्त बांधलं असतं तर कॉम्प्युटरला दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीचे फोटो घ्यावे लागले असते आणि गालावर डाग पडले असते. वरून मूळ फोटोचा अगदी हलका रंग फिरवला. जास्त फिरवला की चित्र सुधारतं, पण केसांतली माणसं काळवंडतात आणि भांडायला येतात. अनुभव आहे.

सहाशे दुकानदारांपैकी मी एक भावोजी सोडून कुणालाच ओळखत नव्हते. म्हणून त्यांना सांगितलं, दुकानात या, मोठ्या पडद्यावर एकेक कोपरा बघून घ्या, मग छापते. ते म्हणाले, प्रचारातून सवड नाही, फोनवर पाठव. पाठवला. निमिषात उत्तर आलं, "हुबेहूब मी. छाप." खाली ताईच्या फोनवरून हात जोडल्याचं चित्र.

फोनवर हुबेहूबच दिसणार होता. तीन बोटं रुंदीच्या पडद्यावर तेरा फुटांचा बॅनर म्हणजे पन्नास-साठ फुटांवरून बघितल्यासारखंच. चौकोनांचे ठिपके होतात आणि ठिपक्यांचा चेहरा. त्यांनी दोन बोटं ताणून तो मोठा करून बघायला हवा होता. आयुष्यभर लोकांना जवळची आणि लांबची अक्षरं वाचायला लावणाऱ्या माणसाला ते सुचलं नाही.

बॅनर लागला त्या सकाळी ताईचा फोन आला. "तू ये," एवढंच म्हणाली.

मी गेले तर चौकात बॅनर नाही. चिटणीसांनी आयत्या वेळी हरकत घेतली होती की चौकात कुणाही उमेदवाराची पाटी लागणार नाही. मग भावोजींनी काय करावं? मला विचारावं. त्यांनी मला विचारलं नाही. तोच बॅनर उचलून गल्लीत नेला आणि स्वतःच्या दुकानावर, शटरच्या वरच्या भिंतीवर ठोकला. गल्लीची रुंदी बारा फूट. समोरच्या भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तरी चेहरा एवढा अंगावर येतो की चेहरा राहतच नाही. लांबून बघावं म्हणून गल्लीच्या टोकाला जावं, तर बॅनर भिंतीला चिकटलेला, तिथून त्याची नुसती कड दिसते. थोडक्यात, अख्ख्या बाजारात भावोजी दिसतील अशी एकही जागा नव्हती.

माणसं मात्र स्वच्छ दिसत होती. गल्ली गच्च भरली होती. लोक माना वर करून स्वतःला शोधत होते. "मी नाकात आहे बघा." "मी तिथं मिशीत जेवतोय." "अरे, मी कानाच्या पाळीत तीनदा आहे, तू कितीदा?" एक भांडेवाले फक्त एकदा सापडले म्हणून तणतणत होते, आणि त्यांचे भाऊ नऊदा सापडले म्हणून जास्तच तणतणत होते. भावोजींचा स्वतःचा यादीतला फोटो एका बाईंनी शोधून काढला. एकदाच होता, मागच्या भिंतीत, डावीकडच्या कोपऱ्यात.

आणि कपाळावर कुलूपवाले होते.

कुलूपवाले म्हणजे समोरचे उमेदवार. त्याच गल्लीत, पाचव्या दुकानात कुलपं, कड्या आणि बिजागऱ्या विकतात. गोरेपान, डोक्यावर केस म्हणून एक नाही, आणि फोटो काढताना दिव्याचा झोत थेट टाळूवर पडलेला. इतका उजळ फोटो सहाशेंत दुसरा नव्हता. कॉम्प्युटरला पक्ष कळत नाही, उजेड कळतो. त्याने पाच-पाच चौकोनांचं अंतर पाळून कपाळावर, शर्टावर आणि मागच्या भिंतीवर कुलूपवाले पेरले होते. कुणीतरी मोजले, चाळीसच्या वर भरले.

कुलूपवाले स्वतः येऊन बघून गेले. हात जोडून भावोजींना म्हणाले, "तुमचे उपकार कसे फेडू? माझ्या बॅनरवर मी एकदाच आहे."

लोक हसले. भावोजीही हसले, आणि तो हसलेला चेहरा मला बघवला नाही. मी ताईकडे बघितलं, तर ती भावोजींकडे बघत होती, पडायच्या बेतात असलेल्या भांड्याकडे बघावं तसं.

"काढून टाकूया," मी म्हटलं. "मी दुसरा करून देते. अर्ध्या इंचाचे चौकोन, लहान बॅनर, इथूनही दिसाल. कुलूपवाल्यांना वगळून."

"आता काढला तर घाबरला म्हणतील," भावोजी म्हणाले. मग बराच वेळ वर बघत राहिले. मग त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पुन्हा वर बघितलं.

"आहे की," ते हळूच म्हणाले. "मी आहे."

अर्थातच होते. लांब जाऊन जे होतं तेच डोळा धूसर करून होतं. बारीकसारीक पुसलं जातं, मोठं तेवढं उरतं. बारा फुटांवर त्यांच्या उघड्या डोळ्यांना कुलूपवाल्यांचं टक्कल म्हणजे नुसता उजेडाचा ठिपका होता, आणि अशा ठिपक्यांचं त्यांचं कपाळ झालं होतं.

मग सुरू झाला तो प्रचार, ज्याची या बाजारात पुढं अनेक वर्षं आठवण काढतील. ज्यांना लांबचा चष्मा होता त्यांना भावोजी चष्मा काढायला लावायचे. ज्यांचे डोळे चांगले होते त्यांच्यासाठी दुकानातून वाचायचे तयार चष्मे आणून खोक्यात ठेवले. वाचायच्या चष्म्यातून बारा फुटांवरचं बघितलं की सगळं विरघळतं. लोक चष्मा लावायचे, वर बघायचे आणि चकित व्हायचे. "दिसले, दिसले." पोरंटोरं रांग लावायला लागली. आणि माझे भावोजी, ज्यांना आयुष्यात कुणी बघितलं नाही, ते खाली उभे राहून लोक आपल्याला बघताना बघायचे. मी त्यांना इतकं सुखात कधी पाहिलं नव्हतं. ताई म्हणाली, रात्री जेवताना स्वतःहून वाढून घेतात.

कुलूपवाल्यांना आयतं कोलीत मिळालं. त्यांनी फळ्यावर एकच वाक्य लिहून ठेवलं. "डोळे नीट असतील तर मला मत द्या. नसतील तर चष्मेवाल्यांना."

पण खरं सांगायचं तर हवा फिरली होती. लोक हसत होते, पण हसता हसता भावोजींचं नाव घेत होते, आणि बाजारात ज्याचं नाव घेतलं जातं त्याला मत पडतं. ताई बोटांवर मोजायची. यंदा जमेल म्हणायची. माझाही विश्वास बसायला लागला होता.

गल्लीतला शिंपी त्याच दिवसांत आला. चाळिशीचा, अबोल. त्याच्याबद्दल बाजारात मत चांगलं नव्हतं. माणूस माजलाय, असं सगळे म्हणायचे. समोरून हाक मारली नाही, नुसता हात केला, तर बघायचा पण नाही. त्या दिवशी तो भावोजींच्या दुकानासमोर थांबला, वर बघितलं आणि मान डोलावली.

"फोटो छान लावलाय तुम्ही," तो म्हणाला. "एवढा मोठा. हुबेहूब आहात."

भावोजी खोक्यातून चष्मा काढत होते. त्यांचा हात तिथंच थांबला. "तुला चष्म्याशिवाय दिसतोय?"

"दिसतोय की. स्वच्छ."

"आणि त्यातली माणसं?"

"कुठली माणसं?"

मी शेजारीच उभी होते. भावोजींच्या तोंडावरचा रंग बदलला. उमेदवाराचा गेला आणि दुकानदाराचा आला. "गल्लीतून येताना गाड्यांचा अंदाज येतो का रे?" त्यांनी विचारलं.

"कान देऊन चालतो," शिंपी म्हणाला. "परवा एकाने जरा ढकललंच. शिवणाला काही अडचण नाही, कापड नाकाशी धरलं की टाका न् टाका दिसतो."

तो गेल्यावर भावोजी स्टुलावर बसले. त्यांनी मागच्या चार दिवसांची उजळणी केली. कोणकोण चष्मा न लावता, न काढता, आल्या आल्या "वा, हुबेहूब" म्हणालं होतं. शिंपी, पुस्तकवाल्या बाई, दोरवाला, आणखी चारपाच. आम्ही त्यांना खंदे समर्थक म्हणून धरून ठेवलं होतं. ते सगळे आंधळे निघत होते.

"यांना सगळ्यांना नंबर आहे," भावोजी म्हणाले. "आणि त्यांना माहीत नाही."

"असेल," ताई म्हणाली. ती गल्ला पुसत होती, पुसतच राहिली. "मतदान झालं की बोलवा सगळ्यांना. हवं तर फुकट करून द्या."

"शिंपी कान देऊन चालतो, म्हणाला."

"इतकी वर्षं चालतोय. आठवडा आणखी चालेल."

मीही ताईचीच बाजू घेतली, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. मी म्हटलं, भावोजी, जगात मतदाराच्या डोळ्यांत धूळ टाकणारे उमेदवार पुष्कळ झाले. तुम्हाला टाकायचीही नाही, ती आहेच तिथं. तुम्ही नुसतं आठ दिवस फुंकर मारू नका. एवढंच.

त्यांनी खोक्यातले चष्मे पुसायला घेतले. आम्हाला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपी तपासणीच्या खुर्चीत होता. भावोजी एकेक भिंग चौकटीत घालत होते, विचारत होते, हे बरं की ते बरं, आता बरं की मघाचं. ताई दुकानाच्या दारात उभी राहून रडत होती, आवाज न करता, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून रस्त्याकडे तोंड करून. मला तिच्यासाठी आणि भावोजींसाठी एकाच वेळी भडभडून आलं. कुणाचा राग करावा ते कळेना, म्हणून मी शिंप्याचा केला. त्याला काय नडलं होतं वर बघायला?

त्या आठवड्यात भावोजींनी प्रचार केला नाही. एकेकाला दुकानात बोलावलं, खुर्चीत बसवलं, अक्षरं वाचायला लावली. भिंगं घासून आणायला ते स्वतः दोनदा धावले, मतदानाच्या आत चष्मे तयार व्हावेत म्हणून. मतदानाच्या आत. मी ऐकून कपाळावर हात मारला. आपल्याच मतदारांना आपल्यापासून वाचवायची एवढी घाई केलेला उमेदवार मी दुसरा पाहिला नाही.

शिंप्याचा चष्मा आला तेव्हा मी मुद्दाम गेले होते. भावोजींनी तो स्वतःच्या हाताने त्याच्या नाकावर बसवला, कानामागच्या काड्या वाकवून बघितल्या आणि त्याला बाहेर नेऊन उभं केलं. शिंप्याने वर बघितलं. तोंड उघडं राहिलं.

"अहो," तो म्हणाला, "तुम्ही कुठं गेलात?"

"असू दे," भावोजी म्हणाले. "बाकी कसं दिसतंय?"

शिंपी गल्लीभर बघत सुटला. पाट्या, तारा, तारांवरचे पक्षी, समोरच्या माणसाच्या शर्टाचं तुटलेलं बटण. जाताना दोनदा थांबला आणि चष्मा काढून-घालून बघितला. भावोजी त्याच्याकडे बघत होते. मग आत आले आणि पुस्तकवाल्या बाईंच्या चष्म्याचं पाकीट उघडायला लागले.

मतदान झालं. भावोजी पडले. गेल्या वेळेपेक्षा कमी फरकाने, पण पडले ते पडलेच. कुलूपवाल्यांच्या दुकानासमोर माणसं जमली, टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या बॅनरखाली ऐकू येत होत्या. भावोजींनी शटर ओढलं आणि ताईबरोबर घरी गेले.

मी त्या रात्री त्यांच्याकडेच झोपले. सकाळी जाग आली तर ताई माझ्या अंथरुणाशी येऊन बसलेली. आम्ही दोघी कान देऊन ऐकत होतो. आतल्या खोलीत काहीच आवाज नव्हता. ताई म्हणाली, "तू बघ. माझा धीर होत नाही." मी दार लोटलं. पलंग रिकामा होता, पांघरूण घडी घातलेलं.

आम्ही केस न विंचरता दुकानाकडे धावलो. शटर वर होतं. भावोजी स्टुलावर बसून एक काडी गरम करत होते, आणि त्यांच्यासमोर शिंपी उभा होता, हातात चष्मा, मान खाली.

"बोलून टाकतो," शिंपी म्हणत होता. "मनात ठेवून तुमच्याकडं बघवणार नाही. मी मत कुलूपवाल्यांना दिलं."

ताईने माझा दंड धरला.

"तुम्ही चष्मा दिलात आणि मी असं केलं," तो पुढं म्हणाला. "पण चष्मा मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, तर समोरून कुलूपवाले मला हात करत होते. मी विचारलं, आज काय विशेष? म्हणाले, रोजच करतो. इतकी वर्षं. मला दिसायचंच नाही. मी एकदाही उलट हात केला नाही, आणि ते करत राहिले. मला लाज वाटली हो."

भावोजींनी त्याच्या हातातून चष्मा घेतला. काडी बसवली, भिंगं पुसली, उजेडाकडे धरून बघितली आणि त्याच्या नाकावर ठेवून दोन्ही बाजूंनी नीट केली. मग जरा मागं सरकून त्याच्याकडे बघितलं.

"म्हणजे नंबर बरोबर लागलाय," ते म्हणाले. "कानामागं टोचत नाही ना?"